स्कॅनर म्हणाला, गाडी चांगली आहे

जुन्या गाड्या विकत घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. गेल्या पावसाळ्यात एका शिक्षिका बाईंनी त्यांच्या आप्पांसोबत मला कोथरूडला बोलावलं. गाडी २०१२ची पेट्रोल सेदान, दोन मालक, भाव पावणेतीन लाख. पहिला मालक रत्नागिरीचा, पण तळाला गंज जवळजवळ नव्हता. रंगाची जाडी सगळीकडे सारखी, म्हणजे ठोकाठोकी झालेली नाही. स्कॅनर लावला तर एकही एरर कोड नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटला आणि काही सेकंदांत विझला, जसा विझायला हवा तसा.

आप्पा खूश. मी म्हटलं, थोडं थांबा.

या मॉडेलच्या काही गाड्यांचे एअरबॅग इन्फ्लेटर कंपनीने परत मागवले होते, हे मला माहीत होतं. इन्फ्लेटर म्हणजे धडक बसताच वायू तयार करून पिशवी फुगवणारा धातूचा छोटा डबा. त्यात अमोनियम नायट्रेट असेल आणि ओलावा शोषणारा पदार्थ नसेल, तर वर्षानुवर्षं उष्मा आणि दमटपणा खाऊन ते बिघडतं. मग पेटताना ते नको तितक्या वेगाने जळतं, डबा फुटतो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून थेट माणसाच्या अंगावर येतात. रत्नागिरीची हवा आठवून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

स्कॅनर याबाबतीत आंधळा असतो. एअरबॅगचं सर्किट फक्त वायर जोडलेली आहे ना आणि तिचा रोध ठीक आहे ना, एवढंच बघतं. आतलं रसायन कसं आहे, ते त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून दिवा विझला यावर विसंबता येत नाही.

मालकाला विचारलं. ते म्हणाले, "अहो, रिकॉल केव्हाच झालाय." फाइल काढली. २०१६चं सर्व्हिस बिल होतं, एअरबॅग इन्फ्लेटर बदलल्याची नोंद, रक्कम शून्य. माणूस खोटं बोलत नव्हता. पण नोंद नीट वाचली तर ती ड्रायव्हरच्या बाजूची होती.

चेसिस नंबर मी आरसीवरून घेत नाही, बॉनेटखाली ठोकलेला वाचतो आणि मग आरसीशी ताडून बघतो. सतरा अक्षरं-अंक असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्यच समजायचं. कंपनीच्या साइटवर नंबर टाकला. रिकॉलची एक मोहीम बाकी होती: शेजारच्या सीटसमोरचा इन्फ्लेटर. तो रिकॉल नंतर जाहीर झाला होता. निरोप कंपनीकडे नोंदलेल्या मोबाइलवर गेला असणार, आणि सर्व्हिस सेंटरला विचारलं तर तिथे अजून रत्नागिरीच्या पहिल्या मालकाचाच नंबर होता.

मालक म्हणाले, "सात वर्षांपुढच्या गाडीला रिकॉल नसतो." हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. २०२१च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमात सरकार सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचा रिकॉल सक्तीने करायला लावू शकतं, तेवढाच त्याचा अर्थ. कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं काम वय वाढलं म्हणून आपोआप रद्द होत नाही. तिथूनच फोन लावला: भाग मागवावा लागेल, तीन-चार दिवस, पैसे नाहीत.

आप्पांना वाटलं, आता भाव पाडायची संधी आली. मी अडवलं. फुकट होणाऱ्या कामावर घासाघीस कशाला? भाव पाडायचा तर दुसऱ्या गोष्टीवर पाडा. स्पीडब्रेकरवर स्टिअरिंग रॅकमधून खडखड येत होती. या मॉडेलची ती जुनी खोड, गॅरेजवाल्यांना तोंडपाठ. पण तिचा रिकॉल कधी निघाला नाही, त्यामुळे खर्च घेणाऱ्याच्या खिशातून. त्यावर बारा हजार कमी झाले. इन्फ्लेटरसाठी फक्त अट घातली: काम आधी, कागदावर सह्या नंतर. आणि तोवर पुढच्या डाव्या सीटवर कोणी बसायचं नाही.

साइटवरची नोंदही अर्धवटच साक्ष देते, हे सांगून ठेवतो. अपघातानंतर कोणी भंगारातली एअरबॅग बसवली असेल, तर साइटवर "काम पूर्ण" दिसेल आणि गाडीत मात्र भलताच डबा असेल. इथे डॅशबोर्ड कधी उघडलेला दिसत नव्हता, रंगही मूळचा, म्हणून ती शंका सोडली.

पाचव्या दिवशी काम झालं. बाई स्वतः गेल्या होत्या. जॉब कार्डवर नव्या भागाचा नंबर लिहून घेतला. साइटवर मात्र त्या संध्याकाळी मोहीम बाकीच दिसत होती, नोंद बदलायला आठवडा गेला. आरसी नावावर झाल्यावर बाईंनी सर्व्हिस सेंटरला जाऊन रत्नागिरीचा मोबाइल नंबर काढून आपला टाकला.