वाड्याची नोंद: तुळईत डोकं घुसणं थांबलं, आता उंची मालक आणि अ‍ॅनिमेशन चाकर

मंडळी, सुटलं एकदाचं! कसबा पेठेतल्या वाड्याच्या लेव्हलमध्ये आपल्या गेमचा नायक, आपला पोरगा, आता कडीपाटाखालून पळतो, वाकतो, घसरतो, आणि एकाही फ्रेमला त्याचं डोकं लाकडात जात नाही. कोलिजन शेप्स दिसते ठेवून, गोडो या गेम इंजिनच्या 4.4 आवृत्तीतल्या गेम टॅबमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत सगळं तपासलं.

गेल्या नोंदीतली पद्धत आठवत असेल. उभं राहण्याची उंची 1.62 मीटर, वाकल्यावरची 1.02. दोन पोझमध्ये ब्लेंड करणारा आकडा `k`, तो 0 पासून 1 पर्यंत 0.18 सेकंदात जायचा आणि त्याच `k` ने कॅप्सूलची, म्हणजे पोराच्या अंगाभोवती टक्कर ओळखणाऱ्या अदृश्य आकाराची, उंचीही सरळ रेषेत कमी व्हायची. दोन्ही टोकांना बिनचूक. तरीही 1.40 मीटरवरच्या तुळईखाली पळत येऊन वाकलं की मधल्या दोन-तीन फ्रेमना केस लाकडात दिसायचे. ब्लेंडची वेळ कमी-जास्त करून, कॅप्सूलला मार्जिन वाढवून काही होत नव्हतं. मार्जिन वाढवलं की तो दिंडी दरवाज्यातून जाईचना.

मग `k` 0.5 वर गोठवला आणि टाळूवर लावलेल्या मार्करची उंची वाचली. कॅप्सूल 1.32 वर होती, टाळू 1.46 वर! तब्बल 14 सेंटिमीटर डोकं कॅप्सूलच्या बाहेर.

कारण भूमितीत आहे. ब्लेंड करताना हाडं सरळ खाली सरकत नाहीत, सांध्याभोवती फिरतात. पोराची मांडी आणि नडगी मिळून 0.84 मीटर, कमरेपासून टाळूपर्यंत 0.78. पूर्ण वाकल्यावर मांडी आणि नडगी उभ्या रेषेपासून 60 अंश कलतात, पाठ 40 अंश. अर्ध्या वाटेवर हे कोन 30 आणि 20 होतात. 30 अंशांचा कोसाइन 0.87 आहे, म्हणजे पाय अजून 0.73 मीटर उंच आहेत, आणि धडसुद्धा तेवढंच. बेरीज 1.46. कोन निम्मा झाला तरी उंची निम्मी उतरत नाही. सुरुवातीला ती जेमतेम हलते आणि शेवटी धाडकन खाली येते. कॅप्सूल मात्र एका गतीने उतरत असते. त्यामुळे दोघांची गाठ फक्त टोकांना पडते.

उंचीचा कर्व्ह क्लिपमध्येच ट्रॅक म्हणून टाकावा, असं काही जणांनी सुचवलं होतं. पण दोन क्लिप ब्लेंड होतात तेव्हा ते ट्रॅकही सरळ रेषेतच मिसळतात, म्हणजे दुखणं तेच. विकत घेतलेल्या एका अ‍ॅनिमेशन पॅकमध्ये असे ट्रॅक तयार मिळाले होते. मोजून पाहिले तर टोकांपुरतेच बरोबर. स्वतः मोजल्याशिवाय अशा ट्रॅकवर विसंबू नका, हे माझं ठाम मत झालंय.

म्हणून आता सूत्रं उलटी केली. `k` वरून उंची काढायची नाही, उंचीवरून `k` काढायचा. आधी `k` 0.05 च्या टप्प्यांनी 0 ते 1 फिरवला आणि प्रत्येक टप्प्यावर टाळूची सर्वांत वरची उंची नोंदली. सर्वांत वरची अशासाठी, की वाकून चालताना डोकं थोडं वर-खाली होतं. मग तो तक्ता उलटा करून `Curve` मध्ये भरला. आता 1.32 मीटर उंची मागितली की तक्ता `k` म्हणून 0.69 देतो, आणि डोकं खरोखर तिथेच असतं.

```gdscript
h = move_toward(h, minf(h_wanted, room), rate * delta)
var x := inverse_lerp(1.62, 1.02, h)
tree.set("parameters/stance/blend_amount", k_from_h.sample_baked(x))
tree.advance(delta)
capsule.height = h + 0.04
col.position.y = capsule.height * 0.5
```

`tree.advance` हाताने बोलवायचं असेल तर अ‍ॅनिमेशनट्रीचा `callback_mode_process` Manual ठेवा. नाहीतर बॉडीची स्क्रिप्ट आधी आणि तिच्याखालची ट्री नंतर चालते, आणि स्क्रिप्टमध्ये वाचलेली पोझ एक टिक मागची असते. शेवटची ओळ विसरलात तर कॅप्सूल मधोमध आकसते आणि पोरगा जमिनीत रुततो. त्यावर पूर्वी सविस्तर लिहिलंय.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा छत सांभाळलं गेलं, पण गुडघे बिघडले. `rate`, म्हणजे उंची बदलण्याचा वेग, सेकंदाला 3.3 मीटर होता, म्हणजे सेकंदाला 60 टिक धरले तर पहिल्याच टिकला उंची साडेपाच सेंटिमीटर उतरायची. वरच्या टोकाला उंची इतकी संथ हलते की तेवढ्यासाठी `k` ला एकदम 0.29 वर उडी घ्यावी लागते. मांडी एका फ्रेममध्ये सतरा अंश कलते. घसरताना तो झटका मला आवडला, त्यात जोर वाटतो, म्हणून तिथे ठेवलाय. वाकताना मात्र डोळ्याला खुपतो. तिथे `rate` शून्यापासून वाढवत नेला आणि उठताना वरच्या टोकाजवळ पुन्हा कमी केला. वेळ 0.18 वरून 0.22 झाली, आणि वाकणं पहिल्यांदाच वजनदार दिसलं. मी ते किती वेळ नुसतं बघत बसलो होतो!

आता `room`. उंचीच मालक असल्यामुळे ‘उभं राहता येईल का’ असा हो-नाहीचा प्रश्न उरला नाही. वर किती जागा आहे ते मोजायचं, तेवढं उठायचं. आधी कॅप्सूलच्या अक्षावरून एक गोल वर फेकत होतो. माळ्याच्या उतरत्या छपराखाली पोरगा छपराबरोबर हळूहळू ताठ होत जातो, ते फार सुंदर दिसतं. पण कडीपाटाखाली घोळ झाला. कड्या 45 सेंटिमीटरवर आहेत. कडी आली की तो खाली, दोन कड्यांमध्ये पुन्हा वर, असा नुसता डुलत चालायचा. शिवाय वाकल्यावर डोकं अक्षाच्या 25 सेंटिमीटर पुढे असतं आणि घसरताना पाय पुढे, डोकं मागे. दाराबाहेर अक्ष आला की तो उठू लागायचा आणि डोकं अजून चौकटीखालीच असायचं.

उठण्याला उशीर लावायचा टायमर लिहायला बसलो होतो, तेवढ्यात सुचलं की गोलाऐवजी लांबट पेटी वर फेकली तर? अक्षाच्या पुढे 40 आणि मागे 40 सेंटिमीटर, म्हणजे लांबी 80. कड्यांच्या अंतरापेक्षा ती जास्त आहे, त्यामुळे निदान एक कडी तिच्यावर कायम असते आणि `room` स्थिर राहतो. डोकं पुढे असो वा मागे, तेही तिच्यात येतं. टायमर लागलाच नाही.

पेटीबाबत एक सावधगिरी बाळगा. ती वर फेकणारं `cast_motion` सुरुवातीलाच ज्या शेपमध्ये घुसलेलं असतं तो शेप मोजतच नाही. भिंतीला चिकटून उभं राहिलं की पेटीचं टोक भिंतीत असतं. भिंत आणि छत एकाच मेशच्या कोलिजनमध्ये असतील तर भिंतीबरोबर छतही गायब होतं आणि पोरगा बिनदिक्कत उठतो. हे फक्त कोपऱ्यात घडतं, म्हणून लवकर सापडत नाही. मी छत, तुळया आणि चौकटींच्या वरच्या पट्ट्या वेगळ्या शेपमध्ये आणि वेगळ्या कोलिजन लेयरवर टाकल्या. पेटी तेवढाच लेयर बघते.

पुढची पायरी माडीच्या जिन्याखालची जागा. तिथे छप्पर 1.02 च्याही खाली उतरतं आणि पेटीला ते पुढच्या 40 सेंटिमीटरमध्येच कळतं. रांगण्याची तिसरी पोझ घालायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी `room` 1.02 खाली गेला की त्या दिशेचा वेगच अडवावा. कॅप्सूलचं डोकं गोल असल्यामुळे ती तुळईखाली थोडी आत शिरते आणि पुढे काढलेली मान लाकडात जाते. तेही त्यानेच थांबेल. रांगणं त्यानंतर. कुणाकडे पाठ ताठ ठेवून रांगण्याची क्लिप असेल तर सांगा, हाडांची मापं पाठवतो.