नव्व्याण्णव दिवसांचे तेहेतीस झाले तेव्हा

तीन मजली इमारतीचं काम, मुदत बारा महिन्यांची, 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर. कंत्राटदाराकडून साइट मी बघत होतो. सप्टेंबरमध्येच कळून चुकलं की काम वेळेत होत नाही. मुदतवाढ मिळाली नसती तर नोव्हेंबरपासून दर आठवड्याला दंड लागला असता. उशिराला बरंचसं कारण क्लायंटकडचं होतं, पण ते कागदावर दाखवायची जबाबदारी आमची होती.

पहिल्या दिवसापासून मी अडथळ्यांची नोंदवही ठेवली होती. अडथळा कधी सुरू झाला, कशामुळे, कोणतं काम अडलं, कधी दूर झाला आणि क्लायंटच्या इंजिनिअरची सही, एवढे रकाने. करारात अट होती की अडथळा आल्यापासून 14 दिवसांत लेखी कळवायचं. त्यामुळे वहीत ओळ लिहिली की त्याच दिवशी पत्रही ईमेल करायचो. इंजिनिअरसाहेब वहीवर सही करायला टाळाटाळ करत. ईमेलची तारीख मात्र कुणाला टाळता येत नव्हती.

वहीत तीन मोठ्या नोंदी होत्या. पूर्वेकडच्या भागात जुनी शेड उभी होती, ती 1 नोव्हेंबरऐवजी 10 डिसेंबरला हलली: 40 दिवस. त्याच भागात चाचणी खड्ड्यात माती मऊ निघाली, म्हणून 20 नोव्हेंबरला पत्र आलं की जुन्या ड्रॉइंगप्रमाणे खोदाई करू नका. सुधारित ड्रॉइंग 18 डिसेंबरला हातात पडलं: 29 दिवस. आणि टाइल्सचा नमुना पसंत करायला क्लायंटने अख्खा एप्रिल घेतला: 30 दिवस. बेरीज 99. पहिल्या मसुद्यात मी तेवढेच दिवस मागितले.

आमच्या ऑफिसातल्या प्लॅनिंगच्या मॅडमनी तो मसुदा परत पाठवला. त्यांनी मंजूर झालेला बार चार्ट समोर ठेवला आणि विचारलं, "शेड नसती तरी पूर्वेची खोदाई तुम्ही कधी सुरू करणार होतात?" चार्टप्रमाणे 16 नोव्हेंबरला. त्याआधीचे पंधरा दिवस आखणी आणि पश्चिमेची खोदाई होती, ती झालीही होती. म्हणजे शेडने खऱ्या अर्थाने 25 दिवस अडवले. ड्रॉइंगचे 29 दिवस त्यावर चढवता येत नव्हते, कारण 20 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हे 21 दिवस दोन्ही अडथळे एकाच वेळी चालू होते. तोच दिवस दोनदा मोजायचा नाही. ड्रॉइंगमुळे वाढले ते फक्त 8. टाइल्स बसवायच्या होत्या जुलैमध्ये, मेच्या सुरुवातीला पसंती मिळाली आणि माल वेळेत आला. त्या कामाला तेवढी सवड होती, म्हणून तिथले दिवस शून्य. उरले 33.

मला ते जिवावर आलं. पण प्रत्येक दिवस बार चार्टवर उभा राहत होता, हे त्या 33 चं बळ होतं. पूर्वेचा पाया झाल्याशिवाय वरचा एकही मजला चढणार नव्हता, म्हणजे तो उशीर थेट शेवटच्या तारखेवर जात होता.

अर्जाला जोडायला दैनिक अहवाल काढले, तर डिसेंबरच्या 5 ते 8 तारखांच्या पानांवर माझ्याच अक्षरात होतं: "खोदाई यंत्र नादुरुस्त." ती चार पानं गाळावीत असं क्षणभर वाटलं. मॅडम म्हणाल्या, त्या पानांची प्रत क्लायंटकडेही आहे, आपणच आधी सांगू. अर्जात लिहिलं की यंत्र चार दिवस बंद होतं; पण शेड उभी होती आणि ड्रॉइंगही नव्हतं, यंत्र चालू असतं तरी खणायला जागा नव्हती.

बैठकीत साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं. अर्जातला परिच्छेद वाचून म्हणाले, "मुदत देतो, पण या चार दिवसांचा साइटखर्च मागू नका." उशिरात दोघांचाही हात असेल तर बहुतेकदा असंच होतं: वेळ मिळते, पैसे मिळत नाहीत. आम्ही मान्य केलं.

मग त्यांनी एक ईमेल दाखवली. सुधारित ड्रॉइंगची पीडीएफ 16 डिसेंबरला संध्याकाळी आमच्या इनबॉक्समध्ये पोचली होती. 18 ही छापील प्रत साइटवर आल्याची तारीख होती आणि मी वहीत तीच लिहिली होती. तपासलं, त्यांचं बरोबर होतं. दोन दिवस गेले.

मंजुरीपत्रात 31 दिवसांची, 1 डिसेंबरपर्यंतची, दंडाविना मुदतवाढ आली. आता वहीत दोन रकाने आहेत: ईमेल कधी आली आणि कागद कधी आला.