एका लाखाचे १,३८,९४९ कसे झाले

"मास्तर, पाच वर्सं पैसे अडकवले, दरसाल एक रुपयाबी हाती नाही आला, मंग पोस्टवाले दरसाल व्याज धरते ते कुठी जाते? अन् शेवटी तुमाले नेमके किती भेटले?"

१,३८,९४९ रुपये मिळाले, एका लाखाचे. जानेवारी २०२१ मध्ये पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात ठेवले, जानेवारी २०२६ मध्ये आले. आता बाकीचं सांगतो. ते सांगायला वही लागेल, कारण हे तोंडी सांगितलं की लोकांना वाटतं मास्तर गोलमाल करतात.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडे जाताना रस्त्याला लागून. शाळेतून निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या हिशेबातले काही पैसे आले, त्यातले लाखभर तालुक्याच्या पोस्टात राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात टाकले. प्रमाणपत्र म्हणतात खरं, पण कागदाचं छापील प्रमाणपत्र २०१६ सालीच बंद झालं. हाती आलं ते पासबुक. त्यात एक तारीख, एक रक्कम आणि ठसठशीत शिक्का. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "यवढंच?" मी म्हटलं, "यवढंच."

त्या वेळी दर होता ६.८ टक्के. पानठेल्यावर हिशेब करणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. ते म्हणतात, लाखाचे सहा हजार आठशे, गुणिले पाच, म्हणजे चौतीस हजार. मग पोस्टाने ३८,९४९ दिले की म्हणतात, सरकारने वरून काही टाकलं. सरकारने काही टाकलेलं नाही. ते वरचे ४,९४९ रुपये व्याजावरचं व्याज आहे, आणि ते दरवर्षी व्याज धरल्यामुळेच आलं.

वहीत मी ते असं मांडलं. पहिलं वर्ष सरलं तेव्हा ६,८०० रुपये व्याज झालं. ते मला दिलं नाही, मुद्दलात मिसळलं. म्हणून दुसऱ्या वर्षी पोस्टाच्या लेखी माझे एक लाख नव्हते, १,०६,८०० होते. त्यावर ६.८ टक्क्यांनी ७,२६२ रुपये आले. तिसऱ्या वर्षी ७,७५६, चौथ्या वर्षी ८,२८४ आणि पाचव्या वर्षी ८,८४७. पहिल्या आणि पाचव्या वर्षाचा फरक बघा, दोन हजारांच्या वर आहे. दर तोच, पैसा तोच, मी काहीही केलेलं नाही. फक्त ज्यावर व्याज लागतं ती रक्कम दरसाल फुगत गेली. या पाच आकड्यांची बेरीज ३८,९४९ होते. पटत नसेल तर मोबाइलवर लाखाला १.०६८ ने पाच वेळा गुणा. पोरगा करून देईल, पण स्वतः केलेलं बरं.

तर दरसाल धरलेलं व्याज जातं कुठे? जात नाही, मुद्दलाच्याच पोटात बसतं. गाय व्याली की वासरू विकायचं नाही, कळपात ठेवायचं, असा हा प्रकार आहे. पाच वर्षांनी कळप मोजायचा.

याच ३८,९४९ वरून एजंट लोक एक खेळ करतात. त्याला पाचने भागतात आणि सांगतात, "वर्साले पावणेआठ टक्के पडते." भागाकार बरोबर आहे, अर्थ चुकीचा. दर ६.८च आहे. आजच्या ७.७ टक्क्यांचा असाच भागाकार केला तर नऊच्या जवळ जातं, आणि मग शेजाऱ्याच्या बँकेतल्या ठेवीशी त्याची तुलना होते. बँकेचा दर वार्षिक, इथला आकडा सरासरीचा. ज्वारी पायलीने मोजायची आणि तूर किलोने, मग म्हणायचं तूर कमी भरली. तुलना करायची तर दोन्हीकडे शेवटी हाती येणारी रक्कम विचारा. बँक बहुधा तिमाहीने व्याज मिसळते, पोस्टाचं हे प्रमाणपत्र वर्षाने. २०१६ च्या एप्रिलच्या आधी हेही सहामाहीने चालायचं, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात अजून सहामाहीच बसलेली आहे. नुसता दर सांगून भागत नाही ते यामुळेच.

आता दरसाल व्याज धरण्याचं दुसरं कारण, ज्याबद्दल कोणी विचारत नाही आणि ज्यात पैसे जातात. इन्कम टॅक्स.

पोस्ट या व्याजावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा कर, कापत नाही. तो कापला नाही म्हणजे टॅक्स नाही, असं आमच्याकडे सर्रास समजतात. तसं नाही. हे व्याज उत्पन्नच आहे. पण कायद्याने यात एक सोय ठेवलेली होती. पहिल्या चार वर्षांचं व्याज तुम्हाला दिलं जात नाही, ते पुन्हा त्याच प्रमाणपत्रात गुंतवलं असं मानलं जातं. गुंतवलं म्हटलं की ८०सी कलमाची वजावट आली, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. म्हणजे ६,८०० उत्पन्नात दाखवायचे आणि तेच ६,८०० वजावटीतही मागायचे. एकीकडून आले, दुसरीकडून गेले. पाचव्या वर्षाचं व्याज मात्र मुद्दलासकट थेट तुमच्या हाती येतं, ते पुन्हा गुंतत नाही. त्याला वजावट नाही.

नोकरीत होतो तेव्हा याचा मला काही उपयोग झाला नसता. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचे हप्ते यांनीच ८०सीची दीड लाखाची मर्यादा भरून जायची. निवृत्तीनंतर ती मर्यादा जवळजवळ रिकामी पडली, म्हणून दरसालचं व्याज तिथे बसवता आलं. माझं प्रमाणपत्र जानेवारीचं. पहिलं वर्ष जानेवारी २०२२ मध्ये पुरं झालं, म्हणून ते व्याज मी २०२१-२२ च्या विवरणात दाखवलं, पुढचं २०२२-२३ च्या, आणि तसंच पुढे. पासबुकात हे कोणी लिहून देत नाही. मी मागच्या पानावर पेन्सिलीने पाच ओळी काढून ठेवल्या होत्या, विवरण भरणाऱ्या पोराला तेच पान दाखवायचो.

माझ्या एका सहकाऱ्यांनी हे केलं नाही. त्यांना कोणीतरी सांगितलं, पैसा हाती येईल तेव्हा दाखवा. त्यांनी ऐकलं. पाच वर्षांचं सगळं व्याज एकाच वर्षाच्या उत्पन्नात पडलं, आणि मागच्या चार वर्षांच्या वजावटी मागायची वेळ कधीच निघून गेलेली. माझ्याइतक्याच रकमेवर ३०,१०२ रुपयांची वजावट अशी पाण्यात जाते. ते वीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. सेस धरून सहा हजारांच्या वर गेले. अजूनही भेटले की पोस्टाला शिव्या देतात. पोस्टाचा त्यात काय दोष?

आता नव्या कररचनेत ८०सी नाही, त्यामुळे हा चार वर्षांचा डाव तिथे चालत नाही. पण २०२५-२६ पासून तिथे बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच बसत नाही, म्हणून साध्या पेन्शनवाल्याला त्याची फार फिकीर नाही. तुम्ही जुनी रचना धरून बसला असाल तरच पेन्सिल काढा.

पाच वर्षांआधी पैसे मिळतात का, हेही लोक विचारतात, खासकरून सोयाबीन बसलं की. नाही मिळत. खातेदार वारला, किंवा कोर्टाचा हुकूम आला, अशाच मोजक्या कारणांनी ते मोडता येतं. पहिल्या वर्षाच्या आत मोडलं तर नुसतं मुद्दल हाती येतं. अडचणीच्या वेळी बँकेकडे तारण ठेवून कर्ज काढता येतं, यवढा एक मार्ग आहे.

मुदत संपली त्या आठवड्यात मी पोस्टात गेलो. पासबुक, ओळखपत्र, खातं बंद करण्याचा फॉर्म. रक्कम रोख मिळत नाही, बचत खात्यात जमा होते, म्हणून ते खातं आधीच चालू असलेलं बरं. खिडकीवरच्या बाईंनी आकडा सांगितला, तो मी वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळला. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आधीच लिहून आणलं?" मी म्हटलं, "पाच वर्षांपासून लिहून ठेवलंय."

हे सगळं ऐकून झाल्यावर विचारणाऱ्याने खिशातून आपलं पासबुक काढलं. पन्नास हजार ठेवलेले, तारीख २७ मार्च २०२३. तो ७.७ टक्के धरून बसला होता आणि शेवटी ७२,४५१ येतील असं घरी सांगून मोकळा झाला होता. मी त्याला तारीख पुन्हा वाचायला लावली. ७.७ टक्के लागू झाले १ एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या तीन महिन्यांत, जानेवारी ते मार्च, दर होता ७ टक्के. आणि प्रमाणपत्र ज्या दिवशी घेतलं त्या दिवसाचा दर पाचही वर्षं बांधलेला राहतो. पुढे दर वाढला तरी वाढत नाही, उतरला तरी उतरत नाही. माझंच बघा, माझे पैसे ठेवलेले असताना दर ६.८ वरून ७ आणि मग ७.७ झाला, मला शेवटपर्यंत ६.८च मिळाले.

त्याचे पन्नास हजार मग आम्ही वहीवर मांडले. पहिल्या वर्षी ३,५००, म्हणजे ५३,५००. दुसऱ्या वर्षी ३,७४५. असं करत करत पाचव्या वर्षाच्या शेवटी ७०,१२७ रुपये आणि वर काही पैसे. मार्च २०२८ मध्ये त्याला हेच मिळणार. घरी सांगितलेल्या आकड्यापेक्षा २,३२४ कमी.

"पाच दिवस उशिरा गेलो असतो त?"

"तर ७२,४५१ झाले असते."

तो बराच वेळ पासबुकावरच्या शिक्क्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी पोस्टात अजिबात गर्दी नव्हती, म्हणूनच गेलो होतो जी."