भंगाराचे बारा लाख

चाकणच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते. बजेट आणि प्रत्यक्ष आकड्यांचा महिन्याचा व्हेरिअन्स रिपोर्ट तपासायचं काम माझ्याकडे आलं. विक्री, पगार, वीज, मालवाहतूक हे सगळं तासाभरात उरकलं. पुढचा दीड दिवस एका ओळीने खाल्ला आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रिपोर्टमध्ये बजेटचा नफा २८ लाख, प्रत्यक्ष नफा ३३ लाख, म्हणजे ५ लाख अनुकूल. बेरजा चोख जुळत होत्या. पण संचालकांनी मंजूर केलेली बजेटची मूळ प्रत काढली तर तिथे नफा ४० लाख! खरं तर आम्ही ७ लाखांनी मागे होतो. फरक १२ लाखांचा. (मूळ प्रत मी सगळ्यात आधी काढायला हवी होती. तुम्ही तिथूनच सुरुवात करा, कारण चुकलेला रिपोर्ट स्वतःशी जुळतोच.)

चिन्ह उलटलं की फरक दुप्पट पडतो, म्हणून मी ६ लाखांची तफावत शोधू लागले. तफावतीच्या रकान्यात ६ लाख कुठेच नाहीत. शिवाजीनगरच्या हेड ऑफिसला तीन फोन केले. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, आमच्याकडे टॅली आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ लाख सापडले, पण बजेटच्या रकान्यात. भंगार विक्री! बजेटमध्ये ती इतर उत्पन्नात होती, म्हणून अधिक ६. हिशेबात मात्र ती कच्च्या मालाच्या खर्चातून वजा होते, म्हणून उणे ४. रिपोर्ट करणाऱ्याने बजेटचा आकडा खर्चात हलवला आणि चिन्ह तसंच ठेवलं. उणे ४ मधून ६ गेले, उणे १० उरले; खर्च घटला असं समजून शेजारी 'अनुकूल' उमटलं. खरा हिशेब असा: उणे ६ अपेक्षित होते, उणे ४ आले, म्हणजे २ लाख प्रतिकूल. ६ लाखांच्या ओळीवर १० लाखांचा फायदा कुणालाच खटकला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आता बजेट B आणि प्रत्यक्ष C रकान्यात ठेवून प्रत्येक ओळीला आधी हे लावते:

```
=B5*C5<0
```

TRUE आलं की दोन्ही आकड्यांची चिन्हं वेगळी आहेत, ती ओळ उघडून बघायची. दोन्हीकडे चिन्ह सारखंच चुकलं असेल तर हे पकडत नाही. तिथे मूळ प्रतीतला नफाच कामाला येतो.

टक्केवारी काढताना भागाकार ABS(B5) ने करा, नाहीतर उणे बजेटवर तिचंही चिन्ह फिरतं.

सुधारलेल्या रिपोर्टमध्ये भंगारापुढे 'प्रतिकूल' बघून साहेबांनी प्रॉडक्शनवाल्यांना बोलावलं. त्या महिन्यात रिजेक्शनच कमी झालं होतं, म्हणून भंगार कमी निघालं. लेबल बरोबरच होतं, पण मी शेजारी तशी टीप लिहायला हवी होती. आता लिहिते.