कॅमेरा होता, तरीही

मोबाइल हिसकावून पळणारा आरोपी हाती लागला की, मुद्देमाल कुठे विकला हे विचारून तपास बहुधा थांबतो. गेल्या पावसाळ्यात सापडलेल्या एका तरुणाला मी वेगळे विचारले: याच रस्त्यावर इतके बसथांबे असताना तू पुन्हा पुन्हा याच थांब्यावर का आलास?

थांब्यासमोरच्या खांबावर कॅमेरा होता, आणि त्याचे उद्घाटन हारतुरे घालून झाले होते. तो म्हणाला, "मॅडम, कॅमेरा काय मागे धावतो का?" दुभाजकाला थांब्यापासून हाकेच्या अंतरावर तोडलेली जागा आहे, तिथून दुचाकी वळवली की समोरच्या गल्लीत शिरता येते. पुढच्या थांब्यापाशी दुभाजक सलग असल्याने तिथे तो कधी गेलाच नाही.

गुन्हेगार कष्ट, धोका आणि लाभ यांचा हिशेब मांडतो, हा विचार गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक कॉर्निश आणि क्लार्क यांनी 1986 मध्ये सविस्तर मांडला. हा हिशेब पूर्ण माहितीवर नव्हे, तर घाईत आणि अर्ध्या माहितीवर होतो, हेही त्यांनीच सांगितले. या मुलाचा हिशेब पुढच्या अर्ध्या मिनिटापुरता होता, तर कॅमेऱ्याचा धाक दोन दिवसांनंतरचा.

पंचनामा नेहमीप्रमाणे दिवसा झाला होता, म्हणून मी रात्री पुन्हा गेले. दिवा दुभाजकावरच्या खांबावर चालू होता, पण मध्ये आलेल्या गुलमोहराच्या फांद्यांमुळे उजेड रस्त्यावर पडत होता आणि निवाऱ्याखाली अंधार राहत होता. त्याच निवाऱ्यात जाहिरातीचा फलक आतून झगझगत होता. फलकाच्या प्रकाशाशी कॅमेरा जुळवून घेतो, त्यामुळे त्याच्यापुढे उभ्या माणसाची चित्रणात नुसती काळी आकृती उरते. दुचाकीच्या दिव्यामुळे तिच्या क्रमांकाची पाटी चित्रणात पांढरी होते ती वेगळीच. फलकाजवळ बसणाऱ्यालाही बाहेरच्या अंधारातून येणारी दुचाकी उशिरा दिसते. उजेड भरपूर होता, फक्त चुकीच्या जागी, आणि हे कागदावर कुठेच दिसत नाही, कारण तिथे "पथदिवा चालू" एवढीच नोंद असते.

मी तीन गोष्टी मागितल्या: फांद्या छाटणे, निवाऱ्याच्या छताखाली खाली झुकलेला दिवा आणि दुभाजकाची तोड बंद करणे. बैठकीत मात्र चर्चा आणखी दोन कॅमेऱ्यांवरच रंगली, कारण फांदी छाटल्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. फांद्या छाटल्या गेल्या, दिवाही लागला.

त्यानंतर तिथे तशी तक्रार आलेली नाही. पण याच काळात तो मुलगा तुरुंगात होता, त्यामुळे श्रेय दिव्याला द्यावे की कोठडीला, हे मला ठरवता येत नाही. शेजारच्या थांब्यांवरच्या तक्रारी वाढल्या तर गुन्हा फक्त सरकला असे मानावे लागेल, म्हणून त्यांची नोंदही मी वेगळी ठेवते आहे. गेल्या आठवड्यात त्याला जामीन मिळाला, आणि दुभाजकाची तोड अजून तशीच उघडी आहे.