तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रिजचा हप्ता आधी भरावा की नंतर?

«फ्रिज किंवा फोन बिनव्याजी हप्त्यांवर मिळत असताना वर्षभर पैसे साठवत बसण्यात काय अर्थ आहे? शेवटी तीस हजार दोन्हीकडे जातातच ना?»

दोन्हीकडे सारखी रक्कम जात नाही, आणि किती फरक पडतो हे कागद समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. कर्जाच्या कागदांशी माझा अनेक वर्षे संबंध आल्यामुळे नातेवाईक आणि शेजारी खरेदीपूर्वी किंवा खरेदीनंतर असे कागद मला दाखवायला आणतात. त्यांतल्याच एका फ्रिजचा हिशोब, रकमा सोयीसाठी गोल करून, येथे मांडतो.

फ्रिजची दुकानातील किंमत ३०,००० रुपये होती. योजना बारा हप्त्यांची, प्रत्येक हप्ता २,५०० रुपयांचा, आणि व्याज शून्य. मात्र त्यांतले चार हप्ते खरेदीच्याच दिवशी आगाऊ भरायचे होते आणि उरलेले आठ पुढच्या आठ महिन्यांत खात्यातून आपोआप वळते व्हायचे होते. शिवाय ६०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ७०८ रुपये वेगळे. त्याच दुकानात सगळे पैसे एकदम दिले असते, तर तोच फ्रिज २८,५०० रुपयांना मिळत होता. पण ही किंमत ग्राहकाने विचारली नव्हती आणि विक्रेत्याने आपणहून सांगितली नव्हती.

आता या व्यवहारात प्रत्यक्ष उधार किती मिळाले ते पाहावे. वस्तूची खरी किंमत २८,५०० रुपये, आणि पहिल्याच दिवशी आगाऊ हप्ते व शुल्क मिळून १०,७०८ रुपये खिशातून गेले. म्हणजे कर्ज ३०,००० रुपयांचे नव्हतेच, ते १७,७९२ रुपयांचे होते, आणि त्याच्या बदल्यात आठ महिन्यांत २०,००० रुपये परत करायचे होते. जास्तीचे गेले २,२०८ रुपये. पुष्कळ लोक या रकमेला तीस हजारांनी भागतात आणि सात-साडेसात टक्केच तर पडले, असे समाधान मानतात. परंतु तीस हजार रुपये वर्षभर वापरायला मिळालेच नव्हते. पहिल्या महिन्यात पावणेअठरा हजार, मग दर हप्त्यागणिक कमी होत शेवटच्या महिन्यात जेमतेम अडीच हजार, अशी उधारी होती. आठ महिन्यांची सरासरी काढली तर ती सुमारे १०,३०० रुपये येते. इतक्या रकमेच्या आठ महिन्यांच्या वापरासाठी २,२०८ रुपये मोजले, तर वार्षिक दर सुमारे ३२ टक्के होतो. बँकेचे सोनेतारण कर्ज किंवा पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

हे व्याज लपते कुठे, हे समजून घेतले की पुढच्या वेळी ते शोधणे सोपे जाते. कर्ज देणारी संस्था आपले पैसे फुकट वापरायला देत नाही. तिचे व्याज उत्पादक कंपनी किंवा दुकानदार आपल्या नफ्यातून भरतो. तेच पैसे रोख ग्राहकाला सवलत म्हणून देता येतात, आणि म्हणून ती सवलत सोडणे हेच हप्तेवाल्या ग्राहकाचे व्याज ठरते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच मनाई केली होती, आणि तिचे कारणही हेच होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच घेतले जाते. आज कार्डावर ‘नो कॉस्ट’ या नावाने जे मिळते, त्यात बँक व्याज आकारतेच, फक्त तेवढी रक्कम खरेदीच्या किमतीतून आधी वजा केलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र कोणी वजा करत नाही. समजा २४,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांवर घेतला आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर व्याज सुमारे १,०१६ रुपये होते, ते सवलतीत फिटते, पण त्यावरचा १८३ रुपये कर आणि १९९ रुपये शुल्क असल्यास ते जीएसटीसह २३५ रुपये, असे ४१८ रुपये पुढच्या बिलांत येतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने आणि वित्तसंस्थेने कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक झाले आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. सहीपूर्वी तो कागद मागावा आणि वाचावा, असा माझा आग्रह असतो. विशेषतः वाढीव वॉरंटी किंवा विम्याची रक्कम न विचारता कर्जात मिळवली असेल तर ती तिथे सापडते. पण या कागदालाही मर्यादा आहे. त्यात शुल्क मोजलेले असते, सोडलेली रोख सवलत मोजलेली नसते, कारण ती दुकानदार आणि ग्राहक यांच्यातली बाब आहे. वरच्या उदाहरणात केवळ ७०८ रुपयांचे शुल्क धरले तर दर दहा टक्क्यांच्या आतच दिसतो. उरलेले बावीस टक्के दुकानाच्या काउंटरवर गमावलेले असतात. म्हणून दुकानात कर्जाचा विषय काढण्याआधी, «आज सगळे पैसे दिले तर बिल किती होईल?» एवढे विचारून घ्यावे आणि आकडा लिहून ठेवावा. कधीकधी दोन्ही किमती खरोखरच सारख्या असतात, कारण व्याजाचा भार कंपनीने उचललेला असतो आणि दुकानदाराच्या हातात सवलत देण्याजोगे काही नसते. तसे असेल तर हप्त्यांची किंमत शुल्कापुरतीच आहे, आणि ती परवडत असल्यास हप्ते घेण्यात गैर काही नाही.

आता साठवणाऱ्याचा हिशोब. तोच २,५०० रुपयांचा हप्ता बँकेच्या बारा महिन्यांच्या आवर्ती ठेवीत भरला आणि दर साडेसहा टक्के धरला, तर ३०,००० रुपयांवर सुमारे १,०७० रुपये व्याज मिळते. फ्रिज २८,५०० रुपयांना घेतला तर स्वतःच्या खिशातून गेले २७,४३० रुपये. हप्त्यांवर घेणाऱ्याचे ३०,७०८ गेले होते. फरक सुमारे ३,२८० रुपये, म्हणजे दरमहा पावणेतीनशेच्या आसपास. हा फरक फार मोठा आहे असा दावा मी करणार नाही. हप्तेवाल्याला फ्रिज वर्षभर आधी मिळाला, आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडलेला फ्रिज घरात ठेवून वर्षभर बचत करा असे सांगणे व्यवहाराला धरून नाही; दूध आणि भाजी नासण्यातच पावणेतीनशे रुपये सहज जातात. बचतीचा मार्ग खरा उपयोगी पडतो तो जुनी वस्तू चालू असताना सुरू केला तरच, आणि या प्रश्नात माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

त्यासाठी घरातल्या वस्तूंकडे वयाच्या दृष्टीने पाहावे लागते. फ्रिज नवा असताना तो साधारण दहा वर्षे चालेल असे धरले, तर ३०,००० रुपयांसाठी महिन्याला २५० रुपये पुरतात. वीस हजारांचे वॉशिंग मशीन आठ वर्षे धरले तर सुमारे २१०. अठरा हजारांचा फोन तीन वर्षे धरला तर ५००, आणि मिक्सर-गीझरसारख्या वस्तूंसाठी शंभरेक. चौघांच्या घराला महिन्याला हजार-अकराशे रुपयांत हा निधी उभा राहतो, आणि त्यातला निम्मा वाटा एकट्या फोनचा असतो, हे अनेकांना हिशोब मांडल्यावरच प्रथम दिसते. फोन तीनऐवजी चार वर्षे वापरला तर त्याचा वाटा ३७५ वर येतो. कोणत्याही हप्ता-योजनेपेक्षा या एका निर्णयाने जास्त पैसे वाचतात. ज्यांच्या वस्तू आधीच जुन्या झाल्या आहेत त्यांना वयाप्रमाणे वाटा वाढवावा लागेल: सात वर्षे झालेल्या फ्रिजसाठी उरलेल्या तीन वर्षांत दरमहा ८३० रुपये लागतात.

पैसे कुठे ठेवायचे याबाबत दोन गोष्टी सांगतो. टपाल खात्याची आवर्ती ठेव विश्वासाची आहे, पण ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांपूर्वी बंद करता येत नाही, त्यामुळे फोनसारख्या जवळच्या गरजेसाठी ती चालत नाही. अनेक बँकांत सहा महिन्यांपासून, काहींत वर्षापासून, पुढच्या मुदती घेता येतात. मुदत दसरा, दिवाळी किंवा गुढीपाडव्याच्या थोडी आधी संपेल अशी ठेवली, तर सवलतीच्या दिवसांत पैसे हातात असतात. दुसरी गोष्ट भिशीची. भिशीत शिस्त लागते हे खरे, पण व्याज मिळत नाही आणि आधी उचललेल्या एखाद्याने पुढचे हप्ते थांबवले तर दाद मागणे अवघड होते. त्यामुळे या कामासाठी मी भिशी सुचवत नाही. पैसे बचत खात्यातच ठेवले तर ते गणपतीत नाहीतर शाळेच्या फीमध्ये जातात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की निदान वेगळे खाते तरी असावे असे मला वाटते. आवर्ती ठेव मुदतीपूर्वी मोडली तर बँका व्याजात साधारण टक्काभर कपात करतात, आणि तेवढा अडथळा मोहाला पुरतो.

उद्या फ्रिज अचानक बंद पडला, घरात कोणाचे इन्सुलिन ठेवायचे असेल आणि निधी अजून तयार नसेल, तर हप्त्यांवर जरूर घ्यावा. तेव्हा रोखीची किंमत विचारावी, वाढीव वॉरंटी कर्जात घालू देऊ नये, आणि हप्ता वळता होण्याच्या तारखेच्या आधी खात्यात पैसे राहतील याची खात्री करावी, कारण एक हप्ता परत गेला तर बँक आणि कर्ज देणारी संस्था असे दोघेही शुल्क लावतात आणि नोंद सिबिलमध्ये जाते. शेवटचा हप्ता गेल्यानंतरच्या महिन्यात त्याच तारखेला, तेवढ्याच २,५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी. आठ महिने ही रक्कम वगळून घर चाललेले असते, त्यामुळे ती बाजूला काढणे त्या वेळी सर्वांत सोपे जाते, आणि पुढची वस्तू बिघडेपर्यंत तिच्यापुरते पैसे बहुधा जमलेले असतात.