दिवेघाटात विचारलेला प्रश्न

भाऊ गेल्यावर दोन वर्षं मी पालखीच्या दर्शनालाही गेले नव्हते. पालखी पुण्यात मुक्कामाला असली की आमच्या नाना पेठेत पाय ठेवायला जागा नसते, तरी मी त्या दोन दिवसांत खिडकी लावून घ्यायचे. यंदा मात्र पुणे ते सासवड एवढा टप्पा चालायचं ठरवलं. विठ्ठलाकडे मागायचं काही उरलं नव्हतं. एकच विचारायचं होतं, की मी मागितलं ते कुठे गेलं?

भावाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. मंगळवारी तिचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. ते तीन दिवस मी पाण्यावर काढले. मागणं एकच, ती गाठ साधी निघू दे. शुक्रवारी लिफाफा उघडला आणि सात महिन्यांनी भाऊ गेला. तेराव्याला एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "उपासात चहा तरी घेतला नव्हतास ना?" घेतला होता, गुरुवारी अर्धा कप. तो अर्धा कप पुढे दोन वर्षं माझ्या घशाखाली उतरला नाही.

पालखी निघाली त्या दिवशी एकादशी होती. पहाटे भवानी पेठेतून निघालो. हडपसरला माउलींची आणि तुकोबांची वाट वेगळी होते, तुकोबा लोणी काळभोरकडे जातात आणि माउली दिवेघाटाकडे. तिथपर्यंत माझ्या सोबत शाळेतली जुनी सहकारी होती. ती बेने इस्रायली, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगात जाणारी, आणि माझ्याइतकीच मराठी. अर्ध्या कपाची गोष्ट मी पहिल्यांदा तिला सांगितली. ती रस्त्याच्या कडेला थांबली.

"आमच्याकडे अशा प्रार्थनेला वेगळं नाव आहे," ती म्हणाली. "व्यर्थ प्रार्थना. जे घडून गेलंय ते घडलेलं नसू दे, असं मागणं." मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात याचं उदाहरण आहे. माणूस बाहेरून गावात शिरतो, त्याला आक्रोश ऐकू येतो आणि तो म्हणतो, 'देवा, हे रडणं माझ्या घरातलं नसू दे.' ते ज्या घरातलं आहे त्या घरातलं आहेच. खळ्यावरच्या धान्याचंही तसंच. मोजायला जाताना 'आमच्या कष्टाला बरकत दे' म्हणावं. माप टाकून झाल्यावर तेच म्हटलं तर ते व्यर्थ. "तुझ्या भावाची गाठ मंगळवारी जी होती तीच शुक्रवारी होती. तू तीन दिवस मोजलेल्या धान्यावर उभी होतीस. त्यात तुझ्या चहाचा काय संबंध?"

मला रडू आलं. उत्तर कठोर होतं, पण माझ्या अंगावरचा आरोप त्याने काढून घेतला. मग पुढच्या सात महिन्यांचं काय, असं मी विचारलं. तेव्हा तर माप पडलेलं नव्हतं. त्यावर ती काही बोलली नाही. माझा हात धरून चालत राहिली आणि हडपसरहून घरी परतली.

तो दुसरा प्रश्न मी आधी आमच्या शेजारच्या चाचींना विचारला होता. त्या दर वर्षी दारात पाण्याची पिंपं भरून वारकऱ्यांची वाट पाहतात. त्यांच्याकडे हदीसमधलं उत्तर आहे. ज्या मागण्यात पाप नाही आणि नातं तोडणं नाही, अशी दुआ वाया जात नाही. तिचे तीन मार्ग असतात. मागितलेलं इथेच मिळतं, किंवा आखिरतसाठी राखून ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट वरच्यावर टळतं. एक ताकीदही आहे, की 'मी मागितलं, मिळालं नाही' असं म्हणून घाई करू नये. चाचींनी हे मला समजावून सांगितलं नव्हतं. त्यांचा नातू दोन दिवसांचा होऊन गेला होता, आणि त्या बोलल्या ते स्वतःशीच बोलल्यासारखं. या उत्तराला आधार आहे, पण तो कळणार पलीकडे गेल्यावर. टळलेलं संकट कुणाला दिसत नाही. ज्याचा विश्वास आहे त्याला ते पुरतं, मला तेव्हा पुरलं नाही.

वॉर्डातल्या ख्रिस्ती नर्सताईंनी एका रात्री गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना सांगितली होती. हा प्याला माझ्यापासून टळो, तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. त्यांचा मुद्दा एवढाच होता, की ज्याचं मागणं पुरं झालं नाही त्याची भक्ती कमी पडली असं कुणी म्हणू नये, कारण मग येशूबद्दलही तेच म्हणावं लागेल. हे मात्र माझ्या मनात राहिलं.

वडकी नाला ओलांडला आणि घाट सुरू झाला. रथाला जादा बैलजोड्या जोडत होते. मी एका दगडावर टेकले. शेजारी बीडकडच्या एक आजी शेंगदाणे सोलत बसल्या होत्या. "घे माउली," म्हणत त्यांनी मूठ पुढे केली. कशी कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"परारब्ध," त्या म्हणाल्या. "सुटलेला बाण हाय तो. भोगूनच सरतंय."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले. संचितातला जो भाग फळायला लागला तो प्रारब्ध, तो देवही मागे घेत नाही. पण यातूनच पुढचा प्रश्न निघतो, की भावानं मागच्या जन्मी असं काय केलं होतं? मग गेलेल्या माणसावरच आळ येतो. मी तसं बोलले, जरा चिडूनच.

आजींना राग आला नाही. "मग तुकोबानं काय केलं हुतं?" त्यांनी विचारलं. "त्याची बायकू दुष्काळात अन्न अन्न करत मेली. त्यानं इठ्ठलाला सोडलं का? सोडलं नाय. पण गप बी बसला नाय." आणि त्या चालीवर म्हणायला लागल्या, 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल.'

मला तो अभंग माहीत नव्हता. याच वारीत, याच टाळांवर तुकोबांची गाथा गातात आणि त्या गाथेत देव मेला असं लिहिलंय. पुढे तुकोबा म्हणतात, त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आम्ही दोघं तुटलो. वारकऱ्यांनी ही ओळ लपवली नाही, पाठ केली. मागणं पुरं का झालं नाही याचं उत्तर तिच्यात नाहीच. पण त्याबद्दल देवाशी भांडण्याची मुभा आहे, आणि भांडणाऱ्याला दिंडीतून कुणी बाहेर काढत नाही. माझ्या घशात अडकलेल्या अर्ध्या कपाला गेल्या दोन वर्षांत इतकी मोकळी जागा कुठेच मिळाली नव्हती.

"तुम्ही काय मागितलं होतं, आजी?"

"लेक," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "कर्जात गेला."

"मग दर वर्षी येता?"

"भांडायचं ऱ्हायलंय."

रथ हलला, तशा आम्ही उठलो. सासवडला पोचेपर्यंत अंधार झाला होता. तिथून मी परत फिरणार होते, त्या पुढे पंढरपूरला. निघताना त्यांनी भावाचं नाव विचारलं. बाळू, मी म्हणाले. त्यांनी पदराचं टोक पुढे ओढून एक गाठ मारली, म्हणजे विठ्ठलासमोर गेल्यावर आठवेल. त्या पदराला आधीच तीन गाठी होत्या.